राग, रांग, रंग, रग

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही सगळे कोल्हापूरला आत्याकडं जमलो होतो आणि दरवर्षीसारखं मी घरच्यांसाठी शब्दकोड्याचा कागद करून नेला होता. कोडं साधं आहे, एक शब्द द्यायचा, दुसरा शब्द द्यायचा, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पायऱ्या लावत जायचं. अक्षरं बदलायची नाहीत, फक्त एका वेळी एक चिन्ह, म्हणजे एक काना किंवा मात्रा किंवा वेलांटी किंवा उकार किंवा अनुस्वार, आणि प्रत्येक पायरीवर खरा मराठी शब्द उभा राहिला पाहिजे. खत वर टिंब दिलं की खंत. जग वर दिलं की जंग. बाग वर दिलं की बांग. इतकं सोपं वाटतं म्हणून सगळे लगेच पेन घेऊन बसतात.

पहिलाच प्रश्न होता "रांग ते रग, दोन पायऱ्या". घरी प्रिंट काढलेला कागद एकच होता, त्याच्या आठ झेरॉक्स गल्लीतल्या दुकानातून काढून आणल्या, आणि त्या फिकट आल्या. रांग वरचं टिंब गायब. सगळ्यांच्या कागदावर "राग ते रग, दोन पायऱ्या" असं आलं आणि लोक डोकं खाजवत बसले कारण राग चा काना काढला की रग होतो, एकच पायरी, दुसरी कुठून आणायची? माझ्या भावानं तर मधे "रागा" वगैरे घालून बघितलं. आणि खाली चौथ्या प्रश्नात साग लिहिलं होतं त्याच्या डोक्यावर काचेवरच्या कचऱ्याचा एक ठिपका उमटला होता त्यामुळं तिथं चक्क सांग झालेलं. एक टिंब गेलं, एक टिंब आलं, आणि दोन्ही ठिकाणी जे छापलं गेलं ते अगदी बरोबर मराठी होतं, म्हणून कुणाला चूक दिसलीच नाही. स्पेलिंग चुकलं असतं तर डोळ्याला खटकलं असतं. हे खटकत नाही. तेव्हापासून मी कागद मोठ्या टायपात, अठरा पॉइंटात करते आणि झेरॉक्स न काढता प्रत्येक प्रत प्रिंटच करते, कारण भेंडी सारख्या शब्दात मात्रा आणि टिंब इतके चिकटून बसतात की बारीक टायपात दोन्ही मिळून एकच डाग दिसतो.

पण त्या चुकलेल्या झेरॉक्समुळंच मला एक गोष्ट कळली. मी उत्तर धरलं होतं रांग, रंग, रग. आधी काना काढायचा मग टिंब. आत्यानं खरा प्रश्न कळल्यावर लिहिलं रांग, राग, रग. आधी टिंब मग काना. दोन्ही बरोबर! म्हणजे हे चार शब्द मिळून एक चौकोन होतो. राग वर टिंब दिलं की रांग, रांग चा काना काढला की रंग, रंग चं टिंब काढलं की रग, आणि रग ला काना दिला की परत राग. काना आणि टिंब यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, कुठलंही आधी करा, फक्त चारही कोपऱ्यांवर शब्द पाहिजे. तिथंच बहुतेक चौकोन फसतात. साग, सांग, संग झालं, पण "सग" नाही. जाग, जग, जंग झालं, पण "जांग" नाही, मांडीची जांघ वेगळी. नाद, नांद, नंद, नद हा मात्र पूर्ण बंद होतो, नांद म्हणजे सुखानं नांद मधलं, आणि नद म्हणजे पुल्लिंगी नदी, ब्रह्मपुत्रेला म्हणतात तसा. वहिनी फोंड्याची आहे, तिनं समुद्राची गाज सुचवली, मग गाज, गांज, गंज, गज. गांज म्हणजे गांजणे चं आज्ञार्थी रूप, तसं कुणी कुणाला म्हणत नाही हे खरं आहे, पण गांजलेला आपण म्हणतोच त्यामुळं मी तो धरला.

आता इथंच पहिला मोठा प्रश्न येतो की "खरा शब्द" म्हणजे कुठला. त्या दिवशी दुसरा प्रश्न होता भाडे ते भेंडी. माझं उत्तर तीन पायऱ्यांचं होतं: भाडे, भांडे, भांडी, भेंडी. टिंब दिलं, मग शेवटच्या मात्रेच्या जागी वेलांटी, मग पहिल्या काना-टिंबातला काना जाऊन मात्रा. मला फार आवडलं होतं, घरमालकापासून भाजीपर्यंत तीन उड्यांत. आत्या म्हणाली, "अगं पण भांडी हा वेगळा शब्द कुठाय, भांडे चंच अनेकवचन ना ते, मग उद्या कुणी घर वरनं घरं केलं तर तेही पायरी म्हणून धरणार का तू?" आणि तिचं बरोबर होतं. अनेकवचनं घेतली की कोडं पार ढिलं पडतं. झाड ते झाडं, पान ते पानं. त्यापुढं विभक्तीची रूपं आली तर विचारूच नका, मुलाचा ते मुलांचा, शिक्षकाशी ते शिक्षकांशी हे तर व्याकरणानंच ठरवून दिलेलं टिंब आहे, अनेकवचनाच्या आणि आदराच्या सामान्यरूपावर अनुस्वार यायचाच, म्हणजे मराठीतल्या जवळजवळ प्रत्येक नामावर अशी फुकटची पायरी तयार असते. ती शोधायला डोकं लागत नाही.

म्हणून आम्ही तिथंच ठरवलं की कोशात ज्या रूपात शब्द मिळतो ते रूप चालेल, आणि क्रियापदाचं एकवचनी आज्ञार्थी रूप चालेल कारण ते म्हणजे नुसता धातूच आहे, त्याला काही चिकटलेलं नाही. अनेकवचन नाही, विभक्ती नाही. मग भाडे ते भेंडी परत सुटायला घेतलं. भाडे, भांडे, इथपर्यंत तसंच. मग भांडे ची मात्रा काढली की भांड, म्हणजे "भांड त्याच्याशी" मधलं. मग काना जाऊन मात्रा, भेंड. भेंड म्हणजे ते पांढरं हलकं लाकूड, ज्याची फुलं आणि बाशिंगं करतात. मग वेलांटी, भेंडी. चार पायऱ्या झाल्या, तीनच्या जागी चार, पण प्रत्येक पायरी स्वतःच्या पायावर उभी. मधला भेंड मला सुचलाच नव्हता, तो आत्यानं सांगितला, तिच्या लग्नात भेंडाचं बाशिंग होतं.

यात अजून एक आहे. आपण बोलताना भाडे म्हणतच नाही, भाडं म्हणतो. आणि लिहितोही आता तसंच. मग भाडे ते भाडं ही पायरी होते का? मात्रा गेली आणि टिंब आलं, शब्द दोन्ही चालू. पण तो एकच शब्द आहे दोन कपड्यांत. कुठून कुठं गेलोच नाही आपण. तर आमचा नियम असा झाला की अर्थ बदलला नाही तर पायरी नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मीठ वरनं.

माझ्या पुतणीनं, आठवीत आहे ती, मीठ ते मिठी एका पायरीत लिहिलं. ठ ला वेलांटी दिली, झालं. मी म्हटलं नाही, नीट बघ, मीठ मधला मी दीर्घ आहे आणि मिठी मधला मि ऱ्हस्व, म्हणजे तू दोन चिन्हं बदललीस. ती म्हणाली पहिलं मी नाही बदललं, ते आपोआप झालं. आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गप्प बसले कारण तिचं म्हणणं व्याकरणाच्या नियमात अगदी चपखल बसतं. मराठी शब्द अकारान्त असेल तर त्याच्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार उकार दीर्घ लिहायचा: मीठ, पीठ, मूळ, फूल, वीट. शेवटाला दीर्घ स्वर आला की तोच ऱ्हस्व होतो: मिठी, मुळा, फुली, विटी. उच्चारातही तसंच होतं, मीठ म्हणताना आवाज पहिल्या अक्षरावर रेंगाळतो आणि मिठी म्हणताना पुढं सरकतो. म्हणजे मूळ ला काना दिला आणि मुळा झाला तेव्हा आपण एकच गोष्ट केली, दुसरी शब्दानं स्वतः केली. जर तिला वेगळी पायरी मोजली तर मधे "मिठ" किंवा "मीठी" असलं काहीतरी यायला हवं आणि ते शब्दच नाहीत, म्हणजे हा रस्ता कायमचा बंद होईल, आणि मीठ पासून मिठी, शीळ पासून शिळा, खीळ पासून खिळा, वीट पासून विटी हे सगळे सुंदर रस्ते बंद होतील.

टिंबाचंही असंच आहे हे मला मग लक्षात आलं. अनुस्वार असलेल्या अक्षराचा इकार उकार मराठीत सहसा ऱ्हस्वच असतो, चिंच, डिंक, उंच, सुंठ बघा. त्यामुळं भीत वर टिंब दिलं की ती भिंत होते, भींत नाही. पीक वर दिलं की पानाची पिंक. शीग, म्हणजे मापाच्या वर येणारी धान्याची रास, शिगोशीग मधली, तिच्यावर दिलं की शिंग. प्रत्येक वेळी टिंब देताना वेलांटी उजवीकडनं डावीकडं जाते. तर पुतणीचा नियम मान्य झाला, नियमानं आपोआप होणारा ऱ्हस्व मोजायचा नाही. पण त्याची उलटी बाजूही तितकीच कडक, नुसतं ऱ्हस्व दीर्घ बदलून पायरी हवी असेल तर दोन्ही शब्द खरे पाहिजेत, आणि तसे जवळजवळ सगळे संस्कृतातून आलेले असतात: दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर. शिर म्हणजे डोकं, ते संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं म्हणून त्याला अकारान्ताचा नियम लागू नाही. शीर म्हणजे रक्ताची, ती आपली मराठी, तिला लागू आहे. ऐकायला दोन्ही सारखेच. म्हणून अशा जोड्या मी कागदावर फार घालत नाही, त्या कानानं सुटत नाहीत, फक्त पाठ केलेल्याला येतात.

मग एक चिन्ह म्हणजे काय याचा वाद. मी ढग ते ढोंग दिलं होतं, माझ्या हिशोबानं दोन पायऱ्या, ढग, ढंग, ढोंग. माझ्यासाठी ओ हा एक स्वर, त्याचं एक चिन्ह. फोनवर टाइप करतानाही ते एकाच बटणात येतं. पण आत्या शाळेत बाराखडी "क ला काना का, क ला एक मात्रा के, क ला काना-मात्रा को" अशी म्हणत शिकली, तिच्या हिशोबानं ढोंग मधे काना एक आणि मात्रा एक, दोन वेगळ्या रेघा, दोन वेळा हात उचलायचा. मी म्हटलं मग तुझं सुटणारच नाही कारण ढंग ला नुसता काना देऊन काय होतं? ती म्हणाली ढांग. लांब ढांग टाकून चालला, म्हणत नाही व्हय? ढग, ढंग, ढांग, ढोंग. पेनाच्या प्रत्येक रेघेला एक शब्द! माझी दोन पायऱ्यांची शिडी लहान होती, तिची तीनची होती पण तिच्यात एकही उडी नव्हती. कागदावर मी अजूनही ओ ला एकच चिन्ह धरते कारण तसं नाही धरलं तर चर ते चोर सारख्या गोष्टी विनाकारण लांबतात, पण जिथं मधला शब्द सापडतो तिथं पेनाची मोजणी जास्त गोड लागते हे मला मान्य आहे. गंमत म्हणजे फोनची मोजणी दोघींपेक्षा वेगळी. ढांग चं ढोंग करायचं तर टिंब काना नंतर साठवलेलं असतं त्यामुळं ग खोडून आधी टिंब खोडावं लागतं, मग काना, मग ओ चं चिन्ह, मग परत टिंब आणि ग. आणि चुकून टिंब आधी पडलं आणि काना नंतर, तर बऱ्याचदा तिथं ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ उगवतं.

संध्याकाळी फराळाच्या वेळी आत्यानं स्वतःचा एक प्रश्न मला दिला. "नाव ते नांव." मी म्हटलं हे काय, दोन्ही नावच. ती म्हणाली, एक पाण्यातली आणि एक बारशातलं.

आत्या एकोणीसशे पन्नासच्या दशकात शाळेत शिकली. तेव्हा नांव, गांव, पांच, दांत, कांहीं असं लिहायचे, उच्चारात ऐकू येवो न येवो, शब्दाच्या मूळ घराण्यात नाकातला आवाज असेल तर टिंब द्यायचं. ते पाठ करताना तिला छड्या बसल्यात. साहित्य महामंडळानं केलेले चौदा नियम सरकारनं १९६२ मधे मान्य केले (अजून चार १९७२ मधे आले) आणि त्यात ठरलं की उच्चार होत नाही ते अनुस्वार लिहायचे नाहीत. मुलांचा त्रास वाचला, हे चांगलंच झालं असं मला वाटतं. पण त्याच दिवशी होडीची नाव आणि माणसाचं नांव कागदावर एक झाले, आणि तिच्या कोड्यातली ती पायरी मोडली. १८५७ च्या मोल्सवर्थच्या कोशात बघितलं तर नाव आणि नांव दोन वेगळ्या जागी आहेत.

वहिनी म्हणाली मोडली कुठं, आमच्या कोंकणीत "तुजें नांव कितें" असंच लिहितात आणि नाकातूनच म्हणतात. तिनं म्हणून दाखवलं. नां चा आवाज खरंच नाकातून आला, आणि आत्यानं तिला अजून दोनदा म्हणायला लावलं.

पण नियमांनी नुसत्या पायऱ्या मोडल्या नाहीत, काही नव्यानं बांधल्याही. जुन्या लेखनात हसणे हे हंसणें असं टिंब देऊन लिहायचे. म्हणजे तेव्हा "हंस" म्हणजे पक्षीही आणि "जरा हंस की" मधलं हंसही, एकाच लिखाणात दोन्ही. आता हस वेगळं आणि हंस वेगळा, आणि मधे एका टिंबाची छान पायरी. ती आत्याच्या शाळेत नव्हती. आवाज ऐकला तर कारण कळतं, हसणे मधलं नाकातलं काहीच उरलं नाही, पक्ष्यातलं मात्र चांगलं ठणठणीत आहे, इतकं की आपण हौंस म्हणतो. टिंब तेच, पण पुढच्या अक्षराप्रमाणं आवाज बदलतो. रांग मधे जीभ मागं टेकते, भांडे मधे वर टाळूला वळते, नंद मधे दातांना लागते, खांब मधे ओठ मिटतात, आणि हंस मधे पुढं स असल्यामुळं कुठंच टेकत नाही, नुसतं नाकातून वाहतं. मी आता शंका आली की हीच परीक्षा करते, टिंब काढून आणि टिंब ठेवून शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि तोंडात काही हललं का बघायचं. हललं तर पायरी धरायची.

नाव ते नांव या परीक्षेत आपल्याकडं नापास होतं आणि फोंड्यात पास होतं. मी कागदावर ते घेतलं नाही. पण आत्याच्या वहीत ते आहे, आणि त्या वहीत तिनं निघताना मला अजून एक चौकोन दाखवला जो मी बरेच दिवस बंद करू शकले नव्हते. पत, पात, पंत हे तीन कोपरे माझ्याकडं होते. बाजारातली पत, कांद्याची पात, आणि पंत. चौथा "पांत" मला शब्द वाटत नव्हता.

"पहिली पांत उठली, दुसरी बसवा," आत्या म्हणाली. तिची आजी लग्नात असं ओरडायची. जेवणाची पंगत म्हणजे पांत. मी म्हटलं म्हणून दाखव. तिनं म्हटलं, आणि जीभ दातांना लागली.